‘थोडं कमी होईल का?’ : चॅटवर क्लायंटशी दराचं बोलणं

मेसेज असा आला: ‘नमस्कार. १२ शॉर्ट व्हिडिओ एडिट करून हवेत. रेट काय?’

बस, एवढंच. मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि माझी निम्मी कामं अशाच एका ओळीने सुरू होतात. समोरचा माणूस फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स चालवतो, त्याच्या जाहिरातीसाठी उभे, मिनिटभराच्या आतले व्हिडिओ हवेत, हे सगळं नंतर कळलं. या एका कामाचं बोलणं पहिल्या मेसेजपासून ॲडव्हान्स येईपर्यंत कसं झालं, ते इथे पायरीपायरीने सांगते. तुम्ही लेख लिहीत असाल, अनुवाद करत असाल किंवा लोगो बनवत असाल, तर तासांची बेरीज बदलेल. बोलण्याचा सांगाडा फारसा बदलणार नाही.

आकडे कळायला सोपे जावेत म्हणून मी छोटे, गोल धरले आहेत आणि चलन मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आपापलं घाला.

पहिली पायरी: ‘रेट काय?’ला आकड्याने उत्तर देऊ नका

चॅटमध्ये प्रश्न आला की बोटं शिवशिवतात. आपण मेसेज वाचलाय हे समोरच्याला दिसत असतं, आणि लगेच काहीतरी लिहिलं नाही तर काम हातचं जाईल असं वाटतं. मी अशीच एकदा फसले आहे. मिनिटभराच्या व्हिडिओचा दर विचारला, मी तो ताबडतोब सांगितला, त्यांनी ताबडतोब होकार दिला. मग फाइल्स आल्या. एकेका व्हिडिओमागे दीड-दीड तासाचं कच्चं फुटेज होतं. ते नुसतं बघण्यातच माझा दर संपला. क्लायंटने काही लपवलं नव्हतं. विचारायचं माझंच राहून गेलं होतं.

म्हणून आता उत्तर लगेच देते, पण आकडा नंतर. या कामात पाठवलेला मेसेज असा होता:

‘नमस्कार. काम करायला आवडेल. नेमका आकडा देता यावा म्हणून तीन गोष्टी विचारते. कच्चं फुटेज एका व्हिडिओमागे साधारण किती मिनिटांचं आहे? तयार व्हिडिओत सबटायटल्स हवीत का? आणि पहिला व्हिडिओ कधीपर्यंत हवा आहे? आपलं उत्तर आलं की संध्याकाळी सहाच्या आत कोटेशन पाठवते.’

तिन्ही प्रश्न एकाच मेसेजमध्ये आहेत. सुटेसुटे पाठवले तर माणूस शेवटच्याचं उत्तर देतो आणि वरचे दोन वाहून जातात. प्रश्नही तेवढेच विचारायचे, ज्यांच्या उत्तराने आकडा हलतो. ‘तुमचा ब्रँड कशासाठी ओळखला जावा असं वाटतं?’ हा प्रश्न चांगला आहे, पण त्याची जागा काम ठरल्यानंतरची. शेवटी वेळ दिली आहे आणि ती पाळायची आहे. सहा म्हटलं की सहाच्या आत कोटेशन जायला हवं, कारण तुम्ही बोललेली वेळ पाळता की नाही हे क्लायंटला पहिल्यांदा इथेच कळतं.

काहीजण तरीही म्हणतात, ‘अंदाजे सांगा ना, नंतर बघू.’ अशा वेळी ‘४०० ते ६००’ असं कधीही लिहू नये. तुम्ही मनात ६०० धरलेले असतात, वाचणारा ४०० वाचतो आणि त्याच्या डोक्यात तोच आकडा पक्का बसतो. त्याऐवजी एकच टोक द्या: ‘अशी कामं माझ्याकडे साधारण ५०० पासून पुढे जातात. फुटेज कळलं की पक्का आकडा देते.’ ज्यांचं बजेट १०० आहे ते इथेच थांबतील. दोघांचाही वेळ वाचला.

दुसरी पायरी: चॅट बंद करून हिशोब

उत्तर आलं: प्रत्येक व्हिडिओमागे २० मिनिटांचं फुटेज, सबटायटल्स हवीत, पहिला व्हिडिओ दहा दिवसांत. आता चॅट बाजूला ठेवून कागद घ्यायचा.

२० मिनिटांचं फुटेज एकदा सलग आणि एकदा थांबत-थांबत बघून चांगले तुकडे निवडायला एक तास जातो. कापणं, जोडणं, आवाज साफ करणं यात दीड तास. सबटायटल्स अर्धा तास. म्हणजे एका व्हिडिओला तीन तास आणि बाराला ३६. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत व्हिडिओमागे पाव तास धरला तर आणखी ६ तास. फाइल्स उतरवणं, चढवणं, नावं लावणं आणि हे जे चॅटवर बोलणं चाललंय ते, असे शेवटचे ६. हे शेवटचे सहा तास नवखे लोक हमखास विसरतात. एकूण ४८.

माझा तळाचा दर ताशी १० आहे. तो हवेतून काढलेला नाही. महिन्याला खर्च, कर आणि थोडी शिल्लक मिळून ८०० लागतात. महिन्यात १६० तास काम करते, पण कामं शोधणं, कोटेशनं देणं, हिशोब ठेवणं यात निम्मे जातात. त्या निम्म्याचे पैसे कोणी देत नाही. उरलेल्या ८० तासांतून ८०० यायला हवेत, म्हणून १०. १६० ने भागून ताशी ५ काढणारे लोक वर्षभर राबतात आणि पैसे कुठे गेले ते कळत नाही म्हणतात.

तर ४८ तासांचे ४८० हा माझा तळ. एखादी फाइल उघडत नाही, एखाद्या व्हिडिओत वाऱ्याचा आवाज भरलेला असतो, म्हणून वर १५ टक्के. ५५२ झाले, कोटेशन ५५० चं.

काम एखाद्या फ्रीलान्स संकेतस्थळावरून येत असेल तर त्यांचं कमिशन याच पायरीवर धरायचं, आणि ते बरोबर पद्धतीने धरायचं. उदाहरणार्थ, फायवर विक्रेत्याच्या रकमेतून २० टक्के कापतं. पुष्कळजण ५५० वर २० टक्के चढवून ६६० लावतात. पण कापणी ६६० वर होते आणि हातात ५२८ पडतात. ५५० हातात हवे असतील तर ५५० ला ०.८ ने भागा, म्हणजे साधारण ६८८. आणि अशा ठिकाणी भेटलेला क्लायंट ‘बाहेरून पैसे देतो, कमिशन वाचेल’ म्हणाला, तर विनम्रपणे नाही म्हणा. बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांत ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा उरत नाही.

तिसरी पायरी: आकडा कसा लिहायचा

चॅटमधलं कोटेशन एका नजरेत वाचता आलं पाहिजे. मी पाठवलेलं असं:

‘१२ व्हिडिओंचं कोटेशन:
प्रत्येकी ६० सेकंदांपर्यंत, उभा आकार
फुटेजमधून निवड, एडिटिंग, आवाजाची सफाई, सबटायटल्स
दुरुस्तीच्या २ फेऱ्या
पहिला व्हिडिओ ५ दिवसांत, सगळे १८ दिवसांत
एकूण ५५०. निम्मे सुरुवातीला, निम्मे शेवटच्या फाइल्स देण्याआधी.
हे कोटेशन ७ दिवस लागू आहे. काही बदलायचं असेल तर सांगा.’

आधी काम, मग आकडा, आणि दोन्ही एकाच मेसेजमध्ये. आकडा वेगळ्या मेसेजमध्ये गेला की फोनच्या पडद्यावर सूचना येते ती नुसती ‘५५०’ अशी, आणि माणूस त्या पैशांत काय-काय मिळतंय ते न बघताच दचकतो. आकडा अंकांत लिहा, चलन लिहा, कर धरून आहे की वेगळा ते लिहा. परदेशातून पैसे येणार असतील तर बँकेचा खर्च कोणाकडे, तेही याच मेसेजमध्ये. इथे मोह होतो तो शेवटी ‘जास्त वाटत असेल तर बघू आपण’ असं जोडण्याचा. जोडू नका. अजून कोणी काही म्हटलेलंही नाही आणि तुम्ही स्वतःच घासाघीस सुरू केलीत. त्याच जातीचं आहे ते आकड्यापुढचं ओशाळं हसू. इमोजीला माझा विरोध नाही, फक्त पैशांच्या ओळीत तो नको.

चुकून आकडा चुकला तर? व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण त्यावर दुरुस्त केल्याची खूण राहते. पैशांच्या मेसेजवर ती खूण संशय पेरते. त्यापेक्षा खाली सरळ लिहा: ‘वरच्या मेसेजमध्ये माझ्याकडून आकडा चुकला. बरोबर रक्कम ५५०. क्षमस्व.’

चौथी पायरी: ‘थोडं कमी होईल का?’

तासाभराने उत्तर आलं: ‘काम छान वाटतंय तुमचं. पण बजेट ४०० आहे. थोडं कमी होईल का? पुढे अजून बरंच काम आहे.’

सगळा लेख खरं तर या मेसेजसाठी आहे.

सर्वांत आधी, हा अपमान नाही. विचारणारा विचारतो, तो त्याचा हक्क आहे, आणि त्यात बजेटचा आकडा आला ही तर चांगली बातमी आहे. नुसतं ‘कमी करा’ म्हणणाऱ्याशी बोलणं अवघड. ४०० म्हणणाऱ्यासमोर निदान मोजपट्टी तरी आहे. तरी लगेच उत्तर देऊ नका. दोन मिनिटांत ‘ठीक आहे, ४०० चालतील’ असं गेलं तर वाचणाऱ्याला कळतं की १५० तुम्ही उगाच लावले होते. मग त्याला ४०० सुद्धा जास्त वाटू लागतात. आणि ‘नाही परवडत’ हे दोन मिनिटांत गेलं तर फटकारल्यासारखं वाचलं जातं, कारण चॅटमध्ये आवाज नसतो. मी एक ओळ लिहिते, ‘बजेट सांगितलंत ते बरं झालं. काय करता येईल ते बघून तासाभरात लिहिते,’ आणि परत कागदाकडे जाते.

४०० ला हेच सगळं काम करायचं तर तळाच्या ४८० पेक्षाही ८० कमी. माझ्या दराने आठ तास, म्हणजे अख्खा एक दिवस फुकट. तेव्हा दर हलवायचा नाही, काम हलवायचं. कुठल्या गोष्टीला किती तास लागतात हे दुसऱ्या पायरीत मांडलेलं असतं, म्हणून आता सोपं जातं. सबटायटल्स काढली की ६ तास कमी. चांगले तुकडे फुटेजमध्ये कुठे आहेत ते क्लायंटनेच मिनिट-सेकंदांसह लिहून दिलं तर निवडीचा वेळ निम्मा होतो, म्हणजे आणखी ६ कमी. दुरुस्तीची एकच फेरी, ३ कमी. उरले ३३ तास. ३३० वर १५ टक्के, म्हणजे ३८०.

मग त्यांना लिहिलं:

‘४०० च्या आत बसेल असा एक मार्ग दिसतो. सबटायटल्सशिवाय, दुरुस्तीची एक फेरी, आणि फुटेजमधले कोणते भाग वापरायचे ते तुम्ही मिनिट-सेकंदांसह लिहून द्यायचे. असे १२ व्हिडिओ ३८० मध्ये होतील. उरलेल्या २० मध्ये एका व्हिडिओची आडवी प्रतही देते, ती तुमच्या वेबसाइटवर चालेल. सबटायटल्स आणि दोन फेऱ्यांसह सगळं हवं असेल तर ५५० चं कोटेशन आहेच. कोणतं सोयीचं?’

यात ‘नाही’ कुठेही नाही आणि फुकटची सवलतही नाही. दोन पर्याय समोर ठेवले आहेत आणि निवड त्यांच्या हातात दिली आहे. काय कमी केलं ते नाव घेऊन सांगितलं, म्हणून पैसे कशाचे लागत होते तेही त्यांना कळलं. काम कापताना एक मात्र पाळा: तुमच्या नावाला बट्टा लागेल असं काही कापू नका. आवाजाची सफाई मी या पर्यायातही ठेवली. खरखरीत आवाजाचा व्हिडिओ बाहेर गेला तर तो ३८० मध्ये केला होता हे कोणी विचारत नाही.

‘पुढे अजून बरंच काम आहे’ या वाक्याचं काय करायचं? ते खोटं असतंच असं नाही, पण आजची सवलत उद्याच्या कामावर देऊ नये. उलटं करा: ‘पुढचं काम आलं तर आनंदच आहे. तिसऱ्या ऑर्डरपासून मी १० टक्के कमी लावते.’ खरोखर काम देणारा हे आनंदाने मान्य करतो. नुसतं बोलणारा तो विषय परत काढत नाही. त्यातच उत्तर मिळतं.

‘दुसरा एकजण निम्म्यात देतोय’ असं आलं तर त्या दुसऱ्याबद्दल एक अक्षर लिहू नका, त्याचं काम बघायलाही मागू नका. ‘तुमच्या बजेटला तो पर्याय योग्य असेल तर जरूर घ्या. माझ्या कोटेशनमध्ये काय-काय आहे ते वर दिलं आहे, काही शंका असेल तर विचारा.’ इथे खरी कसोटी सभ्यतेची असते, कारण यातले काहीजण महिन्याभराने परत येतात.

आणि दोन्ही पर्याय नाकारून ते ३०० वर अडून बसले तर? तळाखाली जायचं नाही. ‘या रकमेत मला हे काम नीट करता येणार नाही, त्यामुळे या वेळी थांबते. पुढे कधी जमलं तर नक्की करू.’ एवढंच. कारणांची यादी दिलीत की एकेक कारण खोडून काढायला सुरुवात होते.

व्हॉइस नोट आणि रात्रीचे मेसेज

दराचं बोलणं चाललेलं असताना मधेच दोन मिनिटांची व्हॉइस नोट येते, तिच्यात काम वाढलेलं असतं. ऐका आणि उत्तर लेखी द्या: ‘ऐकलं. माझ्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टी नव्या आहेत, शेवटी लोगो आणि पार्श्वसंगीत. बरोबर?’ आवाजातली कबुली नंतर शोधून सापडत नाही. रात्री साडेअकराला आलेल्या पैशांच्या मेसेजला रात्रीच उत्तर देऊ नका. थकलेल्या माणसाने दिलेली सूट सकाळी फार महाग वाटते.

पाचवी पायरी: ठरलं ते एका जागी

त्यांनी ४०० चा पर्याय घेतला. ‘ओके डन,’ असं आलं. पण डन म्हणजे नेमकं काय? मधे वीसेक मेसेज झालेले, तीन वेगवेगळे आकडे तरंगत असलेले. म्हणून मी सगळं परत एकदा सलग लिहिलं: १२ व्हिडिओ, सबटायटल्स नाहीत, एक फेरी, एक आडवी प्रत, एकूण ४००, त्यातले २०० आधी. त्यापुढे दोन ओळी आणखी: ‘दुरुस्तीची जादा फेरी सगळ्या व्हिडिओंसाठी मिळून ३५. वापराचे भाग लिहून आले आणि २०० जमा झाले की दिवस मोजायला सुरुवात. हे बरोबर असेल तर कृपया “मान्य” लिहा.’

हाच मजकूर ईमेलनेही पाठवा. त्याचं कारण व्यावहारिक आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी, आणि ती समोरच्यानेही चालू केलेली असू शकते. पिन केलेला मेसेजही जास्तीत जास्त ३० दिवस वर राहतो. तीन महिन्यांनी वाद झाला तर दाखवायला काहीतरी हवं. कामाची रक्कम मोठी असेल तर चॅट आणि ईमेलवर न थांबता सहीचा करारच करा.

ॲडव्हान्स येण्याआधी काम सुरू करायचं नाही. ‘उद्या पाठवतो, तुम्ही सुरू करा’ असं आलं तर: ‘हो, उद्या जमा झाले की त्याच दिवशी सुरू करते.’ इथे रागावण्यासारखं काहीच नाही, फक्त ‘की’ या एका अक्षरावर ठाम राहायचं.

गप्प बसले तर

कोटेशन वाचलं गेलं आणि दोन दिवस शांतता, हे वरचेवर होतं. वाचल्याची खूण म्हणजे नकार नव्हे. माणूस घरी, कार्यालयात कोणाला तरी विचारत असतो. प्रश्नचिन्ह एकटं पाठवू नका आणि दर कमी करून आठवण तर मुळीच करू नका. तिसऱ्या दिवशी एक मेसेज: ‘कोटेशनबद्दल काही विचारायचं आहे का? या आठवड्यात ठरलं तर सोमवारी सुरू करता येईल.’ सातव्या दिवशी दुसरा: ‘कोटेशनची मुदत आज संपतेय. पुढे हवं असेल तर तेव्हाच्या तारखांप्रमाणे नवीन देते.’ तिसरा नाही.

या कामात गप्प बसण्याची वेळ आली नाही. आली ती वेगळीच. अकरावा व्हिडिओ दिल्यावर मेसेज: ‘एक छोटासा तेरावा पण करून द्याल का? दहाच मिनिटांचं काम आहे.’

दहा मिनिटांचं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. मी लिहिलं, ‘नक्की. याच पद्धतीने, भाग लिहून दिलेत तर ३२ मध्ये होईल, शेवटच्या हप्त्यात मिळवते. चालेल?’

‘चालेल,’ आलं. आणि खाली, ‘याला मात्र सबटायटल्स लावा, त्याचे वेगळे सांगा.’